करंज्या तिसऱ्या घाण्यापासून फुटतात: कडा चुकते की तेल?

रेवती_म
परवा पहिल्यांदाच एकटीने करंज्या केल्या. अर्धा किलो मैदा, चार मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, आणि दुधात घट्ट भिजवून तासभर झाकून ठेवला. सारण नेहमीचं: सुकं खोबरं किसून भाजलेलं, थोडा भाजलेला रवा, खसखस, वेलची, पिठीसाखर. प्लास्टिकच्या साच्यात भरून बत्तीस करंज्या झाल्या. आधी सगळ्या भरून घेतल्या, मग एकदम तळायला बसले, कारण इथे हैदराबादला मदतीला दुसरं कोणी नव्हतं.

पहिला घाणा सुरेख झाला. दुसऱ्यात एक फुटली. तिसऱ्यापासून प्रत्येक घाण्यात पाचातल्या दोन-तीन फुटायला लागल्या. सारण तेलात पसरलं, साखर जळून तेल काळपट झालं, आणि चांगल्या राहिलेल्या करंज्यांनाही काळे ठिपके चिकटले. शेवटी तेल बदलावं लागलं. बत्तीसपैकी अकरा गेल्या.

एकच पीठ, एकच सारण, मग पहिला घाणा चांगला आणि पुढचे वाईट, असं का? पाडव्याला परत करायच्या आहेत, म्हणून विचारते आहे.

सुगरण_सातारा
मोहन कमी पडलंय. अर्धा किलोला चार चमच्यांत काय होणार? मोहन घातल्यावर पिठाचा मुटका वळला पाहिजे आणि दाबल्यावर फुटला पाहिजे. आमच्याकडे अर्धा किलोला शंभर ग्रॅम तूप असतं. मोहन भरपूर असलं की पारी खुसखुशीत होते आणि फुटत नाही. पुढच्या वेळी दुप्पट घाल.

निशिगंध
माझ्याही फुटतात गं. मी नारळी पौर्णिमेला ओल्या नारळाच्या करते, गूळ घालून. सारण कितीही आटवलं तरी दोन-चार फुटतातच, आणि फुटली की तेल असं उडतं की मनगटावर डाग राहिलाय. ओला नारळ किती वेळ परतायचा? माझं सारण कढईची कड सोडतं, तरी पोळपाटावर पारीच्या मध्यभागी ओल उतरते.

गोदाकाठ
रेवती, मी नाशिकला बरीच वर्षं दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. करंजी फुटली म्हणून कोणी विचारलं की मी आधी पिठाचं प्रमाण विचारत नाही. ती कुठे फुटली आणि कधी फुटली, हे विचारते. म्हणून आधी एवढं सांग:

फुटलेल्या करंज्या कडेला उकलल्या की पोटावर चीर पडली? तेलात टाकल्याटाकल्या फुटल्या की रंग यायला लागल्यावर? भरल्यापासून तळेपर्यंत त्या कशावर आणि कशाखाली ठेवल्या होत्या? दोन घाण्यांमध्ये गॅस कमी करत होतीस का? आणि साच्याला पीठ लावत होतीस का?

रेवती_म
ताई, आठवून लिहिते.
सगळ्या कडेलाच उकलल्या, पोट एकाचंही फुटलं नाही. टाकल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात, पांढऱ्या असतानाच. भरलेल्या करंज्या मोठ्या ताटांत मांडल्या होत्या, वर काही नव्हतं, आणि गरम होत होतं म्हणून पंखा लावलेला होता. सगळं भरून होईपर्यंत सव्वा तास गेला असेल. गॅस मध्यम ठेवला होता आणि तो हलवला नाही. घाणा काढला की ताटलीतून पुढच्या करंज्या घ्यायला दोन-तीन मिनिटं जायची. साच्याला प्रत्येक वेळी कोरडा मैदा भुरभुरवत होते, नाहीतर पारी चिकटत होती. कडेला पाण्याचं बोट फिरवलं होतं.

गोदाकाठ
मग उत्तर तुझ्याच लिहिण्यात आहे.

कच्ची करंजी तेलात गेली की आत दोन गोष्टी होतात. पोटातली हवा तापून फुगते, आणि पिठातल्या नि सारणातल्या ओलीची वाफ होते. दोन्हींना जागा हवी असते. पारी त्या वेळी अजून मऊ असते, त्यामुळे पोट थोडं फुगून ती जागा देतं. त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात कड धरून राहिली, तर पारी कडक होते आणि करंजी वाचते. तुझ्या करंज्या नेमक्या त्याच वेळात, आणि कडेलाच उकलल्या. म्हणजे पारी ठीक होती, सारणही ठीक होतं, कड मात्र धरलेली नव्हती. पोटावर चीर पडली असती तर मी पारी कुठे पातळ लाटली गेली किंवा सारण ओलं होतं का, हे विचारलं असतं. रंग आल्यावर फुटली असती तर सारणातल्या ओलीकडे बघितलं असतं.

आता कड का धरली नाही? पहिलं कारण साच्यातला मैदा. पीठ पिठाला चिकटतं ते ओलीमुळे. तू कडेला पाणी लावलंस, पण त्याच कडेवर कोरडा मैदा बसला होता. पाणी त्या मैद्याने पिऊन घेतलं आणि दोन पाऱ्यांच्या मध्ये एक पातळ थर राहिला, जो वरून दाबल्यावर चिकटल्यासारखा दिसतो. साच्याचे दात उठतात, नक्षी छान येते, आणि आपण फसतो. साच्याला पिठाऐवजी तुपाचं बोट फिरवायचं, तेही नुसतं साच्याच्या पोटाला. दातांना तूप लागलं तर तेही कडेला चिकटू देत नाही. पारी लाटतानाही पीठ लावायचं नाही. घट्ट भिजवलेलं पीठ मळून मऊ केलं की ते तसंच लाटता येतं.

दुसरं कारण पंखा. हे तुझ्या ‘पहिला घाणा चांगला’चं अर्धं उत्तर आहे. आता, पहिल्या घाण्यात तू कोणत्या घेतल्यास? बहुतेक शेवटी भरलेल्या, वरच्या ताटातल्या. त्या ताज्या होत्या. खालच्या ताटातल्या सव्वा तास वाऱ्यावर सुकल्या. पोट सारणावर असतं म्हणून ते तितकं दिसत नाही, पण कड दोन्हीकडून उघडी असते, ती आधी वाळते. वाळलेली कड आकसते आणि जोडावर केसाएवढी भेग पडते. तेलात गेली की हवा तीच वाट धरते.

आम्ही दहा-बारा करंज्या भरल्या की तळायला घेतो. एक जण भरते, एक जण तळते. एकटी असशील तर आठ भर, तळ, परत आठ भर. मधल्या वेळात ओलसर पंचा पिळून त्यांच्यावर टाक. पिळून म्हणजे अगदी कोरडा होईस्तो पिळून. ओला राहिला तर पारी भिजते, आणि ओली पारी तेलात गेली की वर बारीक फोड येतात.

थेंबथेंब
गोदाकाठ यांच्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग तेलाचा असावा, त्याबद्दल लिहितो. मी स्वयंपाकातला जाणकार नाही, पण आमच्या घरी दिवाळीचं तळण माझ्याकडे असतं आणि मी काचेचा नव्हे, धातूच्या दांड्याचा तेलाचा थर्मामीटर वापरतो.

गेल्या वर्षी लिहून ठेवलेले आकडे देतो. कढईत दीड लिटर तेल, गॅस मध्यम. १५५ अंशाला पाच करंज्या सोडल्या, तेल १४० पर्यंत उतरलं आणि मग हळूहळू १५० ला येऊन थांबलं. सहा मिनिटांत घाणा झाला. घाणा काढल्यावर गॅसला हात न लावता तीन मिनिटं तसंच ठेवून पाहिलं, तर तेल १८० च्या वर गेलं होतं. रेवतींनी हेच केलंय. पहिला घाणा योग्य तेलात पडला, पुढचे सगळे भडकलेल्या तेलात.

भडकलेल्या तेलात वाफ एकदम तयार होते आणि पारी झटकन कडक होते. फुगायला पारीला वेळच मिळत नाही. कमजोर जोड असेल तर तो तिथेच उघडतो. म्हणून दोन घाण्यांमध्ये गॅस अगदी बारीक करायचा, आणि करंज्या सोडल्यावर पुन्हा मध्यमाच्या थोडा खाली आणायचा.

सुगरण_सातारा
थर्मामीटर नसताना आमच्या आज्यांनी केल्याच की करंज्या. पिठाची गोळी टाकून बघायची. टाकल्याबरोबर उसळून वर आली तर तेल जास्त तापलंय. तळाशी जाऊन, बाजूने बारीक बुडबुडे सुटून, चार-पाच अंक मोजेपर्यंत सावकाश वर आली तर करंजीला योग्य. तळाशीच बसून राहिली तर थांबायचं.

मोहनाबद्दल मी अजून माझ्या मतावर आहे.

गोदाकाठ
गोळीची परीक्षा अगदी बरोबर. फक्त ती प्रत्येक घाण्याआधी करायची, पहिल्याच्या आधी एकदा करून विसरायची नाही. थेंबथेंब यांचे आकडे माझ्या हाताच्या अंदाजाशी जुळतात.

मोहनाचं मात्र अर्धंच बरोबर आहे, सातारकर. खुसखुशीतपणा मोहनाने येतो, त्यात वाद नाही, आणि रेवतीचं मोहन कमीच होतं. तिच्या करंज्या जरा चिवट झाल्या असतील. पण मोहनाने कड धरत नाही. उलट तूप वाढलं की पीठ ठिसूळ होतं, मुरड घालताना कड तुटते आणि दोन पाऱ्या एकमेकींना धरत नाहीत. फारच जास्त झालं तर करंजी तेलात विरघळल्यासारखी होते, अनारसा हसतो तशी. शंभर ग्रॅम मोहन तुम्हाला जमतं कारण तुमचा हात बसलाय आणि तुम्ही बहुधा रवा कुटून घालता. नवख्या हाताने साठ-सत्तर ग्रॅमच्या पुढे जाऊ नये.

रेवती_म
हो, चिवट झाल्याच होत्या. आणि हो, वरच्या ताटातल्याच आधी घेतल्या होत्या, कारण त्याच हाताशी होत्या. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बडोदेवाली
आम्ही तीन पिढ्या बडोद्याला. घरी दिवाळीला करंज्याही होतात आणि शेजारच्या बेनकडून शिकलेले घूघरेही. घूघऱ्याला साचा नसतोच. कडेला हाताने कांगरी पाडतात, म्हणजे कड चिमटीत धरून, थोडी ओढून, आत दुमडत जायचं. आपल्या मुरडीसारखंच, पण पिळ जवळजवळ आणि बारीक. ती घातली की कड दोन पदरांची न राहता तीन-चार पदरांची होते. माझ्या पाहण्यात कांगरीचा घूघरा क्वचितच कडेला फुटतो. फुटला तर पोटाला फुटतो, कारण त्यात मावा असतो. मावा नीट भाजून पूर्ण गार केला नाही, तर त्याचं तूप सुटतं, पारी आतून भिजते आणि तेलात मऊ पडते.

रेवती, माझा सल्ला एवढाच की साच्यातून काढल्यावरही वरून मुरड घाल. साच्याची नक्षी जाईल, पण करंजी राहील. त्यासाठी कड अर्धा बोट रुंद ठेव. कातण्याने कापताना लोक सारणाच्या अगदी जवळून कापतात आणि दाबलेली कडच कापून टाकतात.

आणि आम्ही कडेला दूध लावतो. पाण्यापेक्षा दूध चांगलं धरतं.

निशिगंध
दूध लावलं की कड आधी लाल होते ना? मी दूध सोडून दिलं त्यासाठी. मी मैद्याची पातळ पेस्ट लावते.

गोदाकाठ
कड आधी लाल होते, खरं आहे, आणि तेल जास्त तापलेलं असेल तर आणखीच. मंद आंचेवर तो फरक मला तरी खुपत नाही. दूध, पाणी, पेस्ट, तिन्हींनी कड धरते. बिघडतं ते जास्त लावल्याने. बोट ओलं करून पारीच्या अर्ध्याच कडेवर एकदा फिरवायचं. दोन्ही बाजू ओल्या केल्या तर कड घसरते, आणि आतल्या बाजूला ओघळ गेला तर तिथली साखर विरघळून पाक होतो. तो पाक पारीला आतून भोक पाडतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोटातली हवा बाहेर काढणं, ते अजून कोणी लिहिलं नाही. पारी दुमडली की दोन्ही टोकं आधी दाबून मग मधे यायची सवय बऱ्याच जणींना असते. त्याने हवा आतच कोंडली जाते. एका टोकापासून सुरुवात कर. डाव्या हाताच्या तळव्याने पोट हलकेच दाबत हवा पुढे ढकल आणि उजव्या अंगठ्याने कड दाबत दुसऱ्या टोकाला ये. शेवटचं बोटभर तोंड दाबण्याआधी पोट एकदा दाब, हवा फुस्सकन बाहेर आलेली हाताला कळते. साच्यात हे करता येत नाही. साचा एकदम मिटतो आणि हवा आतच राहते, म्हणून साच्यात सारण दाबून भरतात. मग ते दातांत येतं, आणि सारणाचा एक कण कडेत अडकला की तिथे जोड नाही. खसखशीचा दाणासुद्धा पुरतो.

निशिगंध, तुझा प्रश्न राहिला. ओल्या नारळाचं सारण कड सोडेपर्यंत परतणं ही मोदकाची खूण आहे. मोदक वाफेवर होतो, त्याला ओल चालते. करंजीला त्याच्या पुढे जायचं. गोळा होऊन पुन्हा थोडा मोकळा व्हायला लागेल इतपत परत आणि ताटात पसरून पूर्ण गार कर. गार होतानाही ओल सोडतं, म्हणून झाकून ठेवू नकोस. भरण्याआधी चमचाभर भाजलेला रवा मिसळ, तो उरलेली ओल घेतो.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात नेवऱ्या चवथीलाही होतात आणि नाताळातही. माझी आई तळताना झाऱ्याकडे नाही, बुडबुड्यांकडे बघते. करंजीच्या सगळ्या अंगाने बारीक बुडबुडे सुटत असतील तर ती पारीची ओल असते, काळजी नाही. पण कडेच्या एकाच जागेतून बुडबुड्यांची सरळ धार लागली, की ती नेवरी गळते आहे. आई ती लगेच झाऱ्यावर उचलते, सारण बाहेर यायच्या आधी. थंड झाल्यावर त्या जागी मैद्याच्या पेस्टचा ठिपका देऊन शेवटच्या घाण्यात तळते. सगळ्या वाचतात असं नाही, पण तेल वाचतं.

आणि तेल खोल हवं. उथळ तेलात नेवरी तळाला टेकते, तिथली कड आधी करपते आणि उलटताना झाऱ्याची धार लागून उघडते.

अमोघ_क
टाचणीने पोटाला एक भोक पाडलं तर वाफ निघून जाईल ना? समोशाच्या एका व्हिडिओत पाहिलं होतं.

बडोदेवाली
आमच्या शेजारी एक बेन काट्याने टोचतात. त्यांचे घूघरे फुटत नाहीत, हे खरं.

गोदाकाठ
मी टोचत नाही. भोकातून वाफ जाते, पण साखरही येते आणि तेलही आत जातं. चार दिवसांनी ती करंजी खवट लागते असा माझा अनुभव. मावा असलेल्या सारणाला कदाचित चालत असेल, कारण ते धरून राहतं. कोरड्या भुरभुरीत सारणाला नको.

थेंबथेंब
टोचलेल्या आणि न टोचलेल्या मी एकाच घाण्यात तळून पाहिल्या होत्या, तीन-तीन. एकही फुटली नाही. तीन करंज्यांवरून काही ठरत नाही.

रेवती_म
काल परत केल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

मोहन तेवढंच ठेवलं, म्हणजे फरक कशाने पडला ते कळावं. साचा वापरला नाही. पारी पीठ न लावता लाटली, पाण्याचं बोट अर्ध्या कडेला, एका टोकाकडून हवा काढत दाबली, कातण्याने कड सोडून कापली आणि वर मुरड. आठ-आठ करून भरल्या, पिळलेल्या पंच्याखाली ठेवल्या. दर घाण्याआधी गोळी टाकून बघितली. दुसऱ्या घाण्याआधी गोळी उसळून वर आली, तेव्हा गॅस बंद करून दोन मिनिटं थांबले. एका वेळी चारच सोडल्या. सोडल्यावर हात लावला नाही, फक्त झाऱ्याने वरून तेल उडवलं. दीड मिनिटाने उलटल्या. साधारण सहा मिनिटं लागली, बुडबुडे कमी झाले आणि फिकट बदामी झाल्यावर काढल्या. बाहेर काढल्यावर रंग आणखी थोडा चढला.

चोवीसपैकी एक फुटली. तिच्या कडेतून बुडबुड्यांची धार दिसली होती, पण मी उचलेपर्यंत उशीर झाला. उघडून पाहिलं तर जोडात खोबऱ्याचा एक कीस होता. तेल तिथल्या तिथे स्टीलच्या गाळणीने गाळून घेतलं, पुढच्यांना ठिपके लागले नाहीत.

एक मात्र कळलं नाही. तीन करंज्यांच्या पोटावर फोड आले. त्या पहिल्याच घाण्यातल्या होत्या आणि तेल बरोबर होतं.

सुगरण_सातारा
फोड म्हणजे मोहन कमी. आता तरी ऐका.

गोदाकाठ
या वेळी मी तुमच्याशी सहमत आहे. तेल बरोबर असेल तर फोड मोहन कमी असल्याने येतात, नाहीतर पंचा ओला राहिल्याने. रेवती, पंच्याला लागून असलेल्या वरच्या करंज्या पहिल्या घाण्यात घेतल्या होत्यास का?

रेवती_म
हो, त्याच. पंचा पिळला होता, पण कोरडा होईस्तो पिळला होता असं नाही म्हणता येणार. पुढच्या खेपेला मोहन सत्तर ग्रॅम करते आणि पंचाही नीट पिळते. मग दोन्हींपैकी कशाने गेले ते कळणार नाही, पण त्या दिवशी घरी पाहुणे आहेत.

निशिगंध
मी पण रवा मिसळून केल्या. आठातली एकही फुटली नाही. साट्याच्या करंज्यांचे पदर कडेला सुटतात, त्याला मुरड घालू का नको? कोणी करत असेल तर सांगा.